छापण्यास हरकत नाही

आज आबांचा तेरावा. काका म्हणाला, तू दोन शब्द बोल. मी ते लिहून आणलेत, कारण तोंडी मजकुरावर आबांचा भरवसा नसे. छापखान्यात कुणी उभ्या उभ्या मजकूर सांगू लागला, की ते शांतपणे कागद पुढे करत आणि म्हणत, "लिहून द्या."

आबा कंपोझिटर होते. खिळे जुळवणारे, जुळारी. हा व्यवसायच आता उरलेला नाही, म्हणून इथे बसलेल्या लहान मुलांसाठी थोडं सांगते. पूर्वी प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा असे. लाकडी केसमध्ये खण पाडलेले असत आणि एकेका खणात एकेक अक्षर. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खण लागत. डाव्या हातात लोखंडी स्टिक धरायची, उजव्या हाताने खणातून खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची. ती ओळ हातात डोक्यावर उभी असते आणि आरशात दिसावी तशी उलटी. ती तशीच वाचता यावी लागते. आबा उलटं जितकं वेगाने वाचत, तितकं मला सुलटं वाचता येत नाही.

ते हे काम पुरात शिकले. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. आबा तेव्हा सतरा वर्षांचे होते. नदीजवळच्या एका छापखान्यात नुकतेच उमेदवार म्हणून लागले होते. झाडलोट करायची, शाईचे रूळ पुसायचे, एवढंच काम. पाणी ओसरल्यावर मालकांनी दार उघडलं, तर केस उलटून पडलेल्या आणि सगळे खिळे गुडघाभर चिखलात एकत्र झालेले. तो चिखल घमेल्यांनी उपसून चाळणीत धुतला. खिळे गोणपाटावर वाळत घातले. मग पोरांना त्या ढिगाभोवती बसवलं. घ वेगळा, ध वेगळा. भ इकडे, म तिकडे. सगळी अक्षरं उलटी, त्यात गाळ भरलेला. कित्येक आठवडे आबांनी दुसरं काही केलं नाही. ते म्हणत, "शाळेत मी अक्षरं वाचायला शिकलो. त्या ढिगापाशी ती ओळखायला शिकलो."

पुराच्या गोष्टी पुण्यात घरोघरी आहेत. किती पाणी चढलं, काय काय वाहून गेलं, हे सगळे सांगतात. आबांच्या गोष्टीत पाणी थोडंच असे. त्यांची गोष्ट पाणी उतरल्यावर सुरू होई. मला वाटतं, त्यांचा सगळा स्वभाव त्यात आहे.

छपाई झाली की खिळे रॉकेलने धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागत. हे कंटाळवाणं काम नवशिक्यांवर ढकललं जाई. आबा मात्र वरिष्ठ झाल्यावरही आपल्या केसचे खिळे स्वतः टाकत. त्याला एक कारण घडलं होतं. एका घरच्या उत्तरकार्याची पत्रिका छापायला आली होती. अशा पत्रिका कायम घाईच्या. संध्याकाळी मजकूर, सकाळी पत्रिका. ब च्या खणात कुणाकडून तरी एक व पडला होता. आबांच्या बोटांनी ब च्या खणातून तो उचलला. उलट्या ओळीत पोटातली ती एक तिरकी रेघ नाही, हे रात्रीच्या दिव्यात दिसलं नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव चुकीचं छापलं गेलं. दोनशे पत्रिका. सकाळी त्यांचा मुलगा पत्रिका न्यायला आला. तो रागावला नाही. नावावर बोट ठेवून नुसता उभा राहिला.

आबांनी त्या दिवशी न जेवता पत्रिका पुन्हा जुळवली आणि कागदाचे पैसे आपल्या पगारातून कापून घ्यायला लावले. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, ते असं: "चूक जुळवताना झालीच नव्हती. आदल्या दिवशी खिळे परत टाकताना झाली होती." त्यानंतर अशी पत्रिका आली, की ते घरच्या माणसाला समोर बसवत आणि नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवत. त्याने मान हलवली, की मग प्रुफावर लिहीत: छापण्यास हरकत नाही.

आबा प्रेमळ होते, असं मी इथे म्हणाले तर आजी हसेल. ते कडक होते. कौतुक त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. मी पहिल्यांदा होस्टेलवर गेले, तेव्हा खूप मनापासून त्यांना चार पानी पत्र लिहिलं होतं. आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. समासात तांबड्या पेन्सिलीने प्रुफाच्या खुणा, ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका. मी रडले, आणि त्यांना लिहिणं बंद केलं. तीन महिन्यांनी पोस्टाने एक जोडकार्ड आलं. उत्तराच्या अर्ध्या भागावर घरचा पत्ता त्यांनीच लिहून ठेवलेला. दुसऱ्या अर्ध्यावर एकच ओळ होती: "तुझें पत्र नाहीं."

त्या ओळीवरचे दोन अनुस्वार मी तेव्हा पाहिले नव्हते. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि असे न उच्चारले जाणारे अनुस्वार छपाईतून गेले. आबांच्या हातांनी ते हजारो ओळींतून वगळले असतील. पण स्वतःच्या अक्षरात, घरच्या माणसाला लिहिताना, ते शाळेत गिरवलं तसंच लिहीत. छापखान्यातले आबा नियमाचे होते. त्या कार्डावरचे आबा आमचे होते. त्यानंतर माझं एकही पत्र खुणा होऊन परत आलं नाही. आज वाटतं, यायला हवी होती. चुका काही थांबल्या नव्हत्या.

मग संगणक आले. छापखान्याने खिळे वजनावर भंगारात विकले. आबा त्या दिवशीही कामावर गेले आणि पोती भरायच्या आधी आपली केस झाडून आले. पुढे अनेक वर्षं घरी मुद्रितं तपासली. डोळे गेल्यावर आजी त्यांना पेपर वाचून दाखवू लागली. मधेच ते विचारत, "'परिस्थिती'तली शेवटची दीर्घ आहे ना?" आजी पेपर डोळ्यांजवळ नेऊन खात्री करी आणि सांगे, "आहे हो." तेव्हा कुठे पुढची बातमी.

परवा आजच्या कार्याची पत्रिका माझ्या भावाने संगणकावर करून मोबाइलवर पाठवली. पाच मिनिटांचं काम. सगळ्यांना पुढे पाठवायच्या आधी मी ती आजीजवळ घेऊन बसले आणि आबांचं नाव एकेक अक्षर वाचलं. त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. आजी डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं, आधीपेक्षा हळू.

तिने मान हलवली. म्हणाली, "छापायला हरकत नाही."