उताऱ्याविना आलेले प्रश्न

परीक्षा जवळ आली की पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गटांवर एक संदेश फिरू लागतो. 'खालील उतारा वाचून दिलेल्या सूचनांनुसार कृती करा' ही पहिली ओळ, तिच्याखाली चौकटी, आकृतिबंध, 'कारणे लिहा', आणि शेवटी 'प्लीज लवकर सांगा'. उतारा मात्र नाही. तो राहून जाण्याची कारणे साधी आहेत. मराठी टाइप करणे कंटाळवाणे असते, उतारा दहाबारा ओळींचा असतो आणि प्रश्न चार. किंवा उतारा पुस्तकाच्या डाव्या पानावर असतो आणि फोटो उजव्या पानाचाच काढला जातो. शिवाय ज्याला उत्तर हवे असते त्याच्या लेखी 'काम' म्हणजे प्रश्न. उतारा त्याला कामाच्या आधीची प्रस्तावना वाटतो. हे समजण्यासारखे आहे. विचार करायला लावते ते पुढचे. थोड्याच वेळात कुणी ना कुणी उत्तरे पाठवतो, नीट पूर्ण वाक्यांत, 'लेखकाच्या मते' अशी सुरुवात करून. तो लेखक कोण आणि त्याने काय लिहिले आहे, हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक नसते. अशी उत्तरे देऊ नयेत, ती पुढे बरोबर निघाली तरीही देऊ नयेत, असे माझे मत आहे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, प्रश्न असे आले आहेत. पहिली कृती, चौकटी पूर्ण करा: (अ) लेखकाच्या मते झाड लावण्यापेक्षा अवघड काम, (आ) पहिल्या वर्षी बहुतेक रोपे मरण्याचे कारण. दुसरी कृती, कारण लिहा: दुसऱ्या वर्षी ग्रामस्थांनी पहिल्यापेक्षा कमी रोपे लावली, कारण... आता उतारा न बघता एखाद्या सुशिक्षित माणसाने ही उत्तरे लिहिली तर ती साधारण अशी होतील: 'झाड जगवणे', 'पाण्याची टंचाई', आणि 'पहिल्या वर्षीच्या अपयशामुळे ग्रामस्थ निराश झाले होते'. तिन्ही उत्तरे शहाणपणाची वाटतात. गुण द्यायला बसलेल्या परक्या माणसालाही ती पटतील.

आता समजा, उताऱ्यात लिहिले आहे ते असे: पहिल्या वर्षी गावाने पाचशे रोपे लावली. पाणी होते, पण कुंपण नव्हते. मोकाट शेळ्यांनी शेंडे खाल्ले आणि मोजकीच रोपे उरली. दुसऱ्या वर्षी ग्रामसभेत हिशेब मांडला गेला. जितक्या रोपांना काट्याचे कुंपण घालता येईल आणि जितक्यांची राखण एकेका घराला वाटून देता येईल, तितकीच लावायची असे ठरले. म्हणून दीडशेच लावली. या उताऱ्यापुढे ती तीन उत्तरे ठेवली की पहिले जुळते, कारण प्रश्नानेच ते अर्धे सांगून टाकले होते. दुसरे चुकते. तिसरे तर उलटेच होते: ज्या गावाने चुकीवरून धडा घेऊन नेमका निर्णय केला, ते गाव अंदाजाने लिहिलेल्या उत्तरात खचलेले ठरते. उताऱ्याच्या लेखकाला जे सांगायचे होते ते कमी रोपांमागच्या शहाणपणाबद्दल होते, आणि त्याच्याच नावावर आपण निराशेची गोष्ट खपवली.

इथे बिघडते काय, ते नेमके पाहायला हवे. 'रोपे पाण्याअभावी मरतात' हे विधान एरवी खरे असू शकते. 'रोपे पाण्याअभावी मेली असे लेखक म्हणतो' हे विधान मात्र दुसऱ्या जातीचे आहे. ती एका माणसाच्या बोलण्याबद्दल दिलेली साक्ष आहे. साक्ष देणारा तिथे नव्हता आणि त्याने ते बोलणे ऐकलेही नव्हते, तरी त्याने सांगितले. मग त्याचे सांगणे योगायोगाने खरे निघाले म्हणून ती साक्ष प्रामाणिक ठरत नाही. आकलनाचा प्रश्न जगाविषयी विचारलेला नसतोच. या माणसाने या ओळींत काय म्हटले, एवढेच तो विचारतो. म्हणून त्याचे उत्तर एकाच जागी असते, आणि ती जागा समोर नसताना कितीही वाचन, अनुभव किंवा पदवी तिची भरपाई करू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की अनुभवी शिक्षकाचे अंदाज बहुधा बरोबर येतात, मग अडवायचे कशाला? अंदाज बरोबर येतात, हे खरेच आहे, आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत १९९० साली स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेतले वाचन-आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उतारे न देताच सोडवायला दिले. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय होते, म्हणजे डोळे मिटून खूण केली तर पाचांत एक उत्तर बरोबर यायचे. विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरे त्याहून बरीच जास्त निघाली. पुढे २००६ मध्ये जेनिस कीनन आणि रेबेका बेटजेमन यांनी मुलांच्या वाचनाची एक प्रचलित चाचणी तपासली. तिचेही बहुतेक प्रश्न उतारा न वाचता नशिबापेक्षा चांगले सुटतात, असे त्यांना आढळले. या दोन्ही अभ्यासांतून 'उतारा लागत नाही' असा निष्कर्ष कुणी काढला नाही. प्रश्नच सदोष आहेत, असा काढला. ज्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्याविना येते तो प्रश्न वाचन मोजत नाही. तो सामान्यज्ञान मोजतो, किंवा प्रश्नाच्या शब्दांतून उत्तर हुंगण्याची हातोटी मोजतो. ज्या मुलाला वाचायला खरोखर अडचण आहे, त्याची अडचण अशा प्रश्नांखाली झाकली जाते, आणि ज्याच्या घरात चार विषयांवर बोलणे होते त्याला न वाचताच गुण मिळतात.

आपल्याकडेही असे प्रश्न सर्रास निघतात. वाचनावरचा उतारा, आणि प्रश्न 'वाचनाचे फायदे लिहा'. पाण्यावरचा उतारा, आणि प्रश्न 'पाणी का जपले पाहिजे?'. प्रश्न काढणाऱ्याला स्वतःची परीक्षा घेण्याचा मार्ग सोपा आहे: उताऱ्यावर हात ठेवायचा, प्रश्न शेजाऱ्याला विचारायचा आणि त्याला उत्तर आले तर तो प्रश्न बदलायचा. 'या लेखकाने वाचनाचा कोणता तोटा मान्य केला आहे?' असे विचारले की हात काढावाच लागतो. विद्यार्थी उतारा सोडून नुसते प्रश्न पाठवतो तेव्हा दोष एकट्या त्याचा नसतो. उतारा वगळला तरी चालते, हे त्याला आधीच्या कित्येक प्रश्नांनी शिकवलेले असते.

दुसरा आक्षेप दयाळूपणाचा आहे आणि तो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला ४ गुण असतात. घाबरलेल्या पोराला चार गुणांसाठी 'आधी उतारा पाठव' म्हणून परत पाठवायचे, हा कोरडेपणा नाही का? पण या चार गुणांचे वेगळेपण ध्यानात घ्यायला हवे. कृतिपत्रिकेतले पठित गद्य पाठ्यपुस्तकातून येते. त्याची उत्तरे घोकता येतात आणि मार्गदर्शिकेत तयार मिळतात. अपठितासाठी मात्र उतारा पहिल्यांदाच समोर येतो, म्हणून तिथे मुलाकडे स्वतःच्या वाचनाखेरीज काहीच नसते. तेवढीच एक जागा घोकंपट्टीबाहेर ठेवलेली आहे आणि तयार उत्तर पाठवून आपण तीही काढून घेतो. परीक्षागृहात उतारा त्याच्यासमोर असेल आणि आपण नसू. शिवाय आपले 'पाण्याची टंचाई' वहीत उतरवून तो दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहील, तेव्हा शेळ्यांनी रोपे खाल्ल्याचे बाकीच्यांनी वाचलेले असेल.

आणि परत पाठवणे म्हणजे मदत नाकारणे नव्हे. उतारा हातात नसतानाही प्रामाणिकपणे बरेच काही सांगता येते, फक्त ते उत्तर म्हणून सांगायचे नाही. वरच्या उदाहरणात प्रश्नांवरून एवढे नक्की कळते की लागवड निदान दोन वर्षे झाली, पहिल्या वर्षी रोपे मेली आणि दुसऱ्या वर्षी संख्या घटली. म्हणून मुलाला सांगावे: उताऱ्यात 'दुसऱ्या वर्षी' हे शब्द शोध, त्याच्या मागचे-पुढचे वाक्य वाच, 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' यांपैकी काय सापडते ते बघ. रोपे मरण्याचे कारण मागे असेल, पहिल्या वर्षाच्या वर्णनात. चौकटीत एकदोन शब्दच मावतात, तेव्हा अख्खे वाक्य उतरवू नकोस. एवढे सांगायला पाच ओळी लागतात, आणि त्यात लेखकाच्या तोंडी काहीच घातले जात नाही.

तिसरा आक्षेप भाषेच्या जाणकारांकडून येतो. वाचन म्हणजे तरी काय, ओळींमधल्या रिकाम्या जागा आपल्या ज्ञानाने भरणेच ना? मग सगळीच जागा रिकामी असली तर फरक फक्त प्रमाणाचा उरतो. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. ओळी समोर असताना केलेला तर्क त्या ओळींना बांधलेला असतो. 'रोपे पाण्याअभावी मेली असावीत' असे वाटत असतानाच पुढच्या वाक्यात शेळ्या येतात आणि आपला तर्क मोडतो. वाचणारा मुकाट्याने तो बदलतो. उतारा नसेल तर आपल्याला अडवणारे कुणीच नसते. आपण आपलेच मत लेखकाच्या नावाने परत ऐकतो आणि त्याला आकलन म्हणतो. ज्याला या अडवण्याची सवय लहानपणी लागली नाही, तो पुढे बातमीचा मथळा वाचून बातमीवर, आणि भाषणाचे एक वाक्य ऐकून भाषणावर मत देऊ लागतो. त्या मतात तेच घडते: बोलणाऱ्याने न म्हटलेली गोष्ट त्याच्या नावावर जमा होते.

उतारा न मागता उत्तर देता येण्याजोगे प्रश्नही असतात, हे मान्य करायला हवे. व्याकरणाचा प्रश्न, समास ओळखणे, पत्राचा मसुदा, वाक्यप्रकार. प्रश्नातच पूर्ण सामग्री असेल तर उत्तर खुशाल द्यावे. उलट 'तुमचे मत लिहा' हा प्रश्न मोकळा वाटतो, पण बहुतेक वेळा नसतो. 'गावाच्या निर्णयाबद्दल तुमचे मत लिहा' यावर मत देण्याआधी निर्णय काय होता ते माहीत असावे लागते.

कधीकधी उतारा मिळतच नाही. पान फाटलेले असते, किंवा गृहपाठाच्या छायाप्रतीत तो भागच आलेला नसतो. अशा वेळी मुलाने चौकट कोरी ठेवून बाजूला 'उतारा मिळाला नाही' असे लिहावे, आणि घरच्यांनी त्याला तसे लिहू द्यावे. वही तपासणाऱ्या शिक्षकाची परीक्षा इथे होते. त्या कोऱ्या चौकटीवर लाल फुली मारली आणि शेजारच्या वहीतल्या 'पाण्याची टंचाई'ला बरोबरची खूण मिळाली, तर पुढच्या वेळी दोन्ही मुले काय लिहितील, हे सांगायला कोणत्याही उताऱ्याची गरज नाही. त्या शिक्षकाने फुली न मारता पान आणून द्यावे आणि कृती पुन्हा करून घ्यावी.