कडेकडेचा उजेड

काळ्या रंगाचा हेडफोन काळ्या पडद्यासमोर टांगून त्याचा फोटो काढायचा, म्हणजे अमावास्येच्या रात्री काळी म्हैस शोधायला निघण्यासारखेच की हो! पण माझा भाचा हेच करून पोट भरतो. त्याचे म्हणणे असे की, पांढऱ्या कागदावर ठेवलेली वस्तू वाण्याच्या यादीतली वाटते आणि काळोखातून नुसत्या कडा उजळत आलेली वस्तू सराफाच्या पेटीतली. गिऱ्हाईक दोन्हीकडे तेच असते, फक्त पाकीट काढतानाचा त्याचा चेहरा वेगळा असतो.

ही कडांची जादू होते कशी, ते मी स्टुलावर बसून अनेकदा पाहिले आहे. मागे पाच-सहा फुटांवर काळी मखमल असते. मखमलच का, तर काळ्या कागदावर जरा उजेड सांडला की तो राखाडी दिसतो. मखमल मात्र उजेड गिळून टाकते. मध्ये माशाच्या गळाच्या बारीक दोरीवर हेडफोन लटकत असतो. त्याच्या मागे, डाव्या-उजव्या बाजूंना, फोटोच्या चौकटीत येणार नाहीत असे दोन दिवे उभे. फूटभर रुंद आणि चार फूट उंच अशा पेट्यांतले, पांढऱ्या कापडाआडचे. समोरून काहीही नाही. मग खोलीतले सगळे दिवे घालवून, फ्लॅशही न लावता तो आधी एक फोटो काढतो. तो ठार काळा आला की स्वारी खूश. एवढ्या आनंदाने नापास होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही! त्यानंतर एकेक दिवा चालू.

यातली गंमत मला पुष्कळ दिवसांनी उमगली. चकचकीत काळे प्लॅस्टिक म्हणजे जवळजवळ आरसाच. त्याच्या गोलाईवरून धावणारी ती देखणी पांढरी रेघ हेडफोनची नसतेच. ते त्या पेटीचे प्रतिबिंब. आपण हजारो रुपये मोजतो हेडफोनचे, आणि भुललेले असतो दिव्याला.

हा तिरका उजेड मोठा खडूस असतो. चंद्राचे खड्डे पौर्णिमेला नीट दिसत नाहीत, अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेजवळ उठून दिसतात, कारण तिथे ऊन आडवे पडते. इथेही तेच. समोरच्या उजेडात स्वच्छ वाटणाऱ्या हेडफोनवर धुळीचा कण न् कण चमकू लागतो. म्हणून हातमोजे, ब्रश, हवेचा भाता. आणि दिव्याचा झोत चुकून थेट भिंगात शिरला, की सगळा काळोख दूध सांडल्यासारखा फिकट होतो. मग दिवा आणि भिंग यांच्यामध्ये काळा पुठ्ठा धरायचा. मी असलो की हे काम माझ्याकडे.

एकदा असाच पुठ्ठा धरून उभा होतो. त्या दिवशी दोन हेडफोन होते. एक अठ्ठावीस हजारांचा, दुसरा अठराशेचा. एकाच उजेडात दोघे सख्खे भाऊ दिसत होते. फक्त अठराशेच्या वाटीवर साच्याचा जोड होता आणि तो पांढऱ्या दोऱ्यासारखा झळकत होता. भाच्याने डावी पेटी चार बोटे मागे सरकवली. रेघ बारीक झाली, जोड अंधारात गेला.

"अरे, लपवलास की!"

"पुसला नाही मामा. तिथे उजेड नाही, एवढंच. बघणाऱ्यालाही कळतं की इथलं काही दिसत नाहीये."

मुद्दा वकिली होता, पण अगदीच खोटा नव्हता. काळोख निदान सांगतो, मी दाखवत नाही. संगणकावर तोच जोड खोडून तिथे गुळगुळीत प्लॅस्टिक रंगवले, तर फोटो म्हणतो, मी दाखवतो आहे, बघा. माझ्या मते पहिले मौन, दुसरी खोटी साक्ष. पण मौनही नेहमी निरागस नसते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी धरली आहे. आता साच्याचा जोड महत्त्वाचा की नाही? आवाजाला त्याने काही होत नाही. पण अठराशेचा माल अठ्ठावीस हजारांच्या थाटात बसवताना झाकावासा वाटला, म्हणजे कुणाला तरी तो महत्त्वाचा वाटलाच की.

दुसऱ्या दिवशी मालवाल्याचा फोन आला: कानाच्या गाद्या जरा जाड करून द्या. खऱ्या नव्हे, फोटोतल्या. भाडे थकलेले, हप्ता तोंडावर. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गाद्या आहेत तेवढ्याच राहतील. आणि समोरून उजेड टाकून काढलेला एक साधा फोटोही देतो, त्यात जोड दिसेल. तो सोबत लावा."

पैसे थोडे कापून मिळाले. साधा फोटोही लावला त्यांनी, सहाव्या नंबरला. मी दुकानाचे ते पान उघडून सहाव्यापर्यंत गेलो. जोड स्पष्ट दिसत होता, आणि खालच्या कोपऱ्यात, भाच्याच्या नजरेतून सुटलेला, धुळीचा एक कण.