तुटलेलं वाक्य कुठे तुटतं

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम मी करते. वाक्यरचना, प्रसंग, शेवट या बाबतीत बऱ्याच कथा ठीकठाक असतात, पण माणसं बोलायला लागली की खडखडाट सुरू होतो. एकाचं पूर्ण होईस्तोवर दुसरा थांबतो, मग विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देतो, तेही क्रियापदासकट. घरात असं कुणी बोलत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलतात.

नमुन्यासाठी मीच रचलेला एक प्रसंग देते, कारण असे प्रसंग दरवर्षी येतात. वडील वारलेत. गावचं घर पाडून भावाला नवं बांधायचंय. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करावी, असं त्याला वाटतं.

"दादा, आबांच्या घरात माझाही हक्क आहे, हे तू विसरलास का?" नंदा म्हणाली.

"नंदा, मी विसरलेलो नाही. पण तुझ्या लग्नासाठी आबांनी कर्ज काढलं होतं आणि ते मी फेडलं, हे तुला ठाऊक आहे," दिलीप म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे. पण म्हणून मी सही करावी, असं तुला वाटतं का?"

"हो, मला तसं वाटतं, कारण घर बांधायला कर्ज देताना बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागते."

यात खोटं काही नाही. फक्त दोघंही एकमेकांशी न बोलता वाचकाला माहिती देताहेत. 'हे तुला ठाऊक आहे' हे वाक्य तर सरळ चुगली करतं. जे तिला ठाऊक आहे ते तो तिला का सांगतोय? चारही वाक्यं साधारण एकाच मापाची आहेत, हेही कानाला लगेच कळतं.

लेखकाला हे सांगितलं की दुरुस्ती येते ती बहुधा टिंबांची. "दादा... आबांच्या घरात... माझाही हक्क आहे..." शब्द तेच, क्रम तोच, अर्थही पूर्ण, मध्ये मध्ये नुसती धाप लागलेली. विजय तेंडुलकरांच्या संवादांतली अर्धवट वाक्यं वाचून आपल्याकडे टिंबांची साथ आली असावी, अशी मला दाट शंका आहे. १९६७ साली रंगमंचावर आलेलं 'शांतता! कोर्ट चालू आहे' काढून पाहा. तिथे टिंबांच्या जागी माणूस काहीतरी करत असतो, कशापासून तरी मागे सरतो किंवा पुढचा शब्द दाबतो. टिंबं उचलता येतात. मागे सरणं लिहावं लागतं.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात चिन्हांपासून करू नये. आधी एवढंच विचारावं, की या प्रसंगात कुणाला कुठला शब्द तोंडातून काढायचा नाहीये? दिलीपला 'सही' म्हणायचं नाही, कारण म्हटलं की तो मागणारा ठरतो. नंदाला 'हक्क' म्हणायचं नाही, कारण म्हटलं की ती भांडायला आली असं होतं. मूळ मसुद्यात नेमके हेच दोन शब्द सगळ्यांत ठळक उच्चारलेत. ते दोन्ही काढून टाकले की अर्धं काम झालं. आता माणसांना त्या शब्दांच्या जवळ जाऊन वळावं लागतं, आणि वाक्यं आपोआप तुटायला लागतात.

पण कुठे तुटतात? इथे मराठीचा स्वभाव कामी येतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्य मध्येच सोडलं तर पहिलं जातं ते क्रियापदच. आणि बहुतेक वेळा त्यानं काही अडत नाही, कारण त्याच्या आधीच्या प्रत्ययांनी बरंचसं सांगून टाकलेलं असतं. 'आबांनी' म्हटलं की आबांनी काहीतरी केलंय. 'आबांना' म्हटलं की आबांना काहीतरी झालंय, वाटलंय किंवा कुणी दिलंय. ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं.

बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे वेगळ्या वाटेनं दाखवून दिलंय. २००९ साली दहा भाषांमधल्या हो-नाहीच्या प्रश्नोत्तरांची मोजणी प्रसिद्ध झाली. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात दिसलं. उत्तर मनात जुळवायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण ते मनात पूर्ण करतो आणि आपलं जुळवायला घेतो. त्या दहांत मराठी नव्हती. जपानी होती, आणि तिचंही क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. कुणाला वाटेल की क्रियापदाची वाट बघत जपानी माणसं उशिरा बोलत असतील. उलट सगळ्यांत कमी अंतर त्यांचंच निघालं.

कथा लिहिणाऱ्याला यातून एक फार उपयोगाची गोष्ट मिळते. तोडणारा कुठे तोडतो, यावरून त्याला काय माहीत आहे ते कळतं. दिलीपचं कर्जाचं वाक्य घेऊ.

"तुझ्या लग्नात आबांनी जे कर्ज—"

"माहितीये मला."

इथे नंदाला विषय कळला आणि तिनं थांबवलं. आता तोड दोन शब्द अलीकडे आणू.

"तुझ्या लग्नात आबांनी—"

"माहितीये मला."

आबांनी तिच्या लग्नात शंभर गोष्टी केल्या असतील. मांडव घातला असेल, रडले असतील. तरी नंदानं इथेच अडवलं, याचा अर्थ या वाक्याचा पुढचा भाग तिनं अनेकदा ऐकलाय. कर्जाचा विषय या घरात पूर्वी किती वेळा निघाला, हे सांगणारा अख्खा परिच्छेद त्या दोन शब्दांच्या फरकानं वाचतो. आणि तोड आणखी अलीकडे, 'तुझ्या—' पाशीच आणली तर मात्र काहीच उरत नाही. तिथे नंदा नुसती तुसडी वाटते.

तोडायचा अधिकार कुणाला, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. धाकटी बहीण दादाला मध्येच तोडेल. दादाही तिला तोडेल, वर 'थांब गं जरा' म्हणेल. पण या घरातली वहिनी नवऱ्याचं वाक्य बहिणीसमोर तोडणार नाही. तिला तोडायचं असेल तर ती चहा विचारेल. वरवर पाहता तो व्यत्यय नसतोच, पाहुणचार असतो. आणि सासरे हयात असते, समोर बसलेले असते, तर तीच वहिनी स्वतःचंच वाक्य अर्ध्यावर सोडून आत गेली असती. हे घराघरांत बदलतं, पण कुठल्याच घरात सगळे सगळ्यांना सारखं तोडत नाहीत. संवादात तसं दिसलं की लेखकानं व्यत्यय शिंपडलेत, हे ओळखू येतं.

हे सगळं धरून तो प्रसंग पुन्हा लिहिला. टेबलावर प्लॅस्टिकची फाइल आहे आणि ती अजून कुणी उघडलेली नाही, एवढं निवेदनात आधी येऊन गेलंय.

"कंपाउंड पण काढावं लागणार," दिलीप म्हणाला. "पूर्वेकडचं. बँकेचा माणूस येऊन गेला परवा. चांगला आहे, आपल्या बाजूचाच निघाला. तो म्हणाला, कागद एकदा सगळे... म्हणजे आबांच्याच नावावर आहे ना अजून. तर ते—"

"चहात साखर चालते ना, नंदाताई?"

"चालते, वहिनी."

"तर ते एकट्या माझ्या... म्हणजे नुसतं कागदापुरतं गं."

"हं."

"तुला सारखं यायला नको तालुक्याला. एकदाच. गाडी पाठवीन मी."

"आंबा पण जाणार का मग?"

"कुठला?"

"पूर्वेकडचा."

"तो... बघू. नंदे, तुझ्या लग्नात आबांनी—"

"फेडलंस तू. माहितीये."

"मी कुठे तसं म्हटलं?"

"नाही म्हटलंस."

'सही' आणि 'हक्क' दोन्ही शब्द गेले, तरी प्रसंग कशाबद्दल चाललाय ते कुणालाही कळेल. दिलीपची वाक्यं तीनच ठिकाणी विरतात आणि त्यांतल्या दोन वेळा 'म्हणजे' म्हणून तो बाजूला सरतो. आपल्याकडे माघार घेताना 'म्हणजे' फार वापरतात. बँकेचा माणूस आपल्या बाजूचा निघाला, हे अनावश्यक आहे, म्हणूनच ते ठेवलं. अवघड जागेकडे जाताना माणूस असा वाटेत रेंगाळतो. नंदा आंब्याचं विचारते तेव्हा ती गाडीच्या वाक्याला उत्तर देत नाहीये. मागे सोडून आलेल्या कंपाउंडला देतेय. ऐकता ऐकता ती तिथेच अडकली होती, हे त्यामुळे कळतं. नीट, न अडखळता पार पडणारं बोलणं या प्रसंगात साखरेबद्दल आणि गाडीबद्दल आहे. ज्यात धोका नाही, ते माणसं सुरळीत बोलतात.

"गाडी पाठवीन मी" आणि "फेडलंस तू" यांत कर्ता क्रियापदामागे गेलाय, तेही मुद्दाम. बोलताना आपण क्रियापदावर वाक्य संपवतो आणि मग राहिलेलं शेपटासारखं लावतो. 'आला होता काल, तो बँकेचा.' लिहिताना हात नकळत शब्द व्याकरणाच्या क्रमानं लावतो. कथेतला संवाद पुस्तकी वाटायचं हे एक मोठं कारण आहे आणि त्यावर टिंबांचा काडीचा उपयोग होत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. प्रत्यक्ष बोलणं ध्वनिमुद्रित करून जसंच्या तसं उतरवलं तर ते वाचवत नाही. तीन-तीनदा सुरू केलेली वाक्यं, 'ते हे', 'काय म्हणतात ते', दोघांचं एकाच वेळी चाललेलं बोलणं. कागदावर दोन आवाज एकावर एक ठेवता येत नाहीत, एकाखाली एकच येतात. शिवाय फाइल टेबलावर नसती, तर वरचा प्रसंग कोडं झाला असता. पात्रांना जे बोलायचं नाही, त्याचा ठावठिकाणा वाचकाला दुसरीकडून मिळालेला असायला हवा.

माझी तपासणी साधी आहे. तुटलेल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीनं त्याचा न बोललेला भाग लिहायचा. 'तर ते—' पुढे 'माझ्या नावावर व्हायला हवं'. 'तो...' पुढे 'तोडावाच लागेल'. ज्या वाक्यापुढे काही लिहिता येत नाही, ते तुटलेलं नसतंच. लेखकालाच पुढचं सुचलेलं नसतं. मग दोघांनी बसून ते मोठ्यानं वाचायचं, आणि तोडणाऱ्यानं समोरचा थांबायच्या आत सुरू करायचं. वाचणारा जर तुटीपाशी पोचून नम्रपणे थांबत असेल, तर तोड चुकीच्या जागी आहे.

राहता राहिली छपाई. दुसऱ्यानं तोडलं तर रेघ, आपण होऊन विरलं तर तीन टिंबं, हा भेद मी पाळते. मुद्रितशोधनात बरेचदा सगळ्यांची टिंबं होऊन येतात, कधी तीन, कधी सहा, आणि रेघ उरलीच तर ती संयोगचिन्हाएवढी आखूड होते. 'तर ते...' छापलं की दिलीप स्वतःच गप्प बसतो आणि वहिनी बिचारी खरोखरच साखरेचं विचारते. म्हणून हल्ली मजकुरासोबत जुळणी करणाऱ्याला वेगळी चिठ्ठी देते, कुठल्या ओळीत लांब रेघ हवी त्याची.