निश्चयक धन आला की पेन खाली?

पेपर वाटायच्या आधी ऐका. मागच्या बाकावरची कुजबुज आधी थांबू द्या.

तिसरा प्रश्न मी मुद्दाम सोपा घातला होता. k च्या कोणत्या किमतींना ही सममित मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट आहे, एवढंच विचारलं होतं:

```
| k    2   |
| 2   k-3  |
```

अर्ध्या वर्गाने लिहिलंय: निश्चयक k(k - 3) - 4, तो शून्यापेक्षा मोठा हवा, म्हणजे (k - 4)(k + 1) > 0, म्हणून k > 4 किंवा k < -1. खाली दोन रेघा मारून चौकट! चौकटीत घातलं म्हणजे उत्तर बरोबर येतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

k = -2 घ्या. कर्णावर -2 आणि -5 येतात. निश्चयक 10 - 4 = 6, अगदी धन. आता x = 1, y = 0 ठेवा. हाती काय लागलं? -2. पॉझिटिव्ह डेफिनिट म्हणजे शून्य सोडून कोणताही सदिश घातला तरी किंमत धनच यायला हवी, आणि इथे तर पहिल्याच सदिशाला ऋण आली. ही मॅट्रिक्स निगेटिव्ह डेफिनिट आहे, बरोब्बर उलट! अटी दोन आहेत, a > 0 आणि ac - b² > 0. एक लिहून दुसरी गिळलीत, तर मी अर्धे गुण देईन असं वाटलं का? शून्य दिलेत.

त्या दोन अटी काय आकाशातून पडल्या? फळ्यावर दोनदा काढून दाखवलंय. ax² + 2bxy + cy² हे पद घ्यायचं आणि a शून्य नसताना पूर्ण वर्ग करायचा:

a(x + by/a)² + ((ac - b²)/a) y²

हे एकदा नीट बघा. दोन वर्ग आहेत, आणि प्रत्येकाच्या पुढे एक सहगुणक आहे. दोन्ही सहगुणक धन असले, तरच बेरीज कायम धन. पहिला सहगुणक a. दुसऱ्याचा छेदही a, म्हणून a धन असेल तरच अंशाचं चिन्ह हे त्याचं चिन्ह. a ऋण असताना अंश धन निघाला तर दोन्ही सहगुणक ऋण होतात, आणि तुमच्या k < -1 चं नेमकं तेच झालंय. शिवाय c > 0 वेगळं लिहायची गरज नसते. ac हा b² पेक्षा मोठा, b² कधी ऋण नाही, a धन, मग c जाईल कुठे? ज्यांनी तिसरी अट म्हणून तीही लिहिली, त्यांचे गुण मी कापले नाहीत. पण पाठ केलंय हे दिसतं.

आता दुसरी टोळी. हे म्हणतात, “सर, सगळे घटक धन हवेत, म्हणून k > 3.” कुठून आणलंत हे? घटकांच्या चिन्हांकडे बघून पॉझिटिव्ह डेफिनिट ठरत नाही. कर्णावर 2 आणि 2, बाहेर -1 असेल तर निश्चयक 3, मॅट्रिक्स उत्तम चालते. b ऋण असो की धन, त्याचा फक्त वर्ग मोजला जातो. उलट तुमच्या k = 3.5 ला चारही घटक धन आहेत, आणि निश्चयक 1.75 - 4, म्हणजे सरळ ऋण.

तिघांनी k ≥ 4 लिहिलंय. वर्गातले हुशार म्हणवणारे तिघे! k = 4 ला निश्चयक शून्य. पद होतं 4x² + 4xy + y², म्हणजे (2x + y)². यात x = 1, y = -2 घाला, शून्य येतं. सदिश शून्य नाही आणि किंमत मात्र शून्य, म्हणजे ती सेमीडेफिनिट झाली. बरोबरीचं चिन्ह शोभेसाठी नसतं.

आणि आता लाज वाटू द्या. हाच सदिश, x = 1, y = -2, मूळ मॅट्रिक्सला लावून बघायचं एकालाही सुचलं नाही. k - 8 + 4(k - 3) येतं, म्हणजे 5k - 20. हे धन हवं तर k > 4 हवंच. -2 असो, 3.5 असो की 4, तुमची तिन्ही चुकीची उत्तरं या एका ओळीत उघडी पडतात. अर्थात एका सदिशाने फक्त नकार देता येतो. k > 4 ला सगळेच सदिश पास होतात, हे सांगायला वर्गच पूर्ण करावा लागतो, आणि तो एकाच्याही पेपरात नाही.

पेपर घ्या. उद्या याच प्रश्नात 2 च्या जागी b घालून या, आणि k कुठून पुढे चालेल ते b मध्ये लिहा. आणि ऐका, ज्यांनी 4xy मधल्या 4 ला b समजून निश्चयकात 16 वजा केलेत, त्यांनी तास संपल्यावर थांबा. पदातला सहगुणक 2b असतो; तो दोन्ही कोपऱ्यांत अर्धा अर्धा वाटला जातो.