पंच नसलेला खेळ

विटीदांडूच्या खेळाला पंच नसे. गल्लीत किंवा देवळामागच्या मोकळ्या जागेत डाव मांडला, की नियमही आमचे आणि निवाडाही आमचाच.

सगळ्यात मोठी परीक्षा असे ती दांडू मागण्याची. टोला बसून विटी लांब जाऊन पडली, की तिथपासून गलीपर्यंत किती दांडू भरतील ते खेळणाऱ्याने आधी बोलायचं. समजा, तो म्हणाला, "चाळीस!" समोरचे नजरेने अंतर जोखत. पटलं तर चाळीस दिले. नाही पटलं तर, "मोज!" मग वाकून एकामागून एक दांडू टाकत मोजणी. अडतीसच भरले, तर दोन कापून उरलेले मिळत नसत, सगळेच जात. पंचेचाळीस भरले, तरी मागितले तेवढेच, म्हणजे चाळीस, पदरात पडत. त्यामुळे हाव धरणारा रिकाम्या हाताने परते, अति भिणारा आपलंच नुकसान करून घेई. आपला टोला खरोखर किती लांबचा, हे दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच ठरवावं लागे आणि बोललेल्या आकड्याला बांधील राहावं लागे.

लगोरीचा धडा वेगळा. चेंडूने सात चिपा पाडणाऱ्याच्या नावाने आरडाओरडा होई, पण डाव जिंकून देई ती पुन्हा रचणारी जोडी. एकाने हूल देत चेंडू आपल्या अंगावर ओढायचा आणि तेवढ्यात दुसऱ्याने मोठी चीप खाली, लहान वर, अशी लगोरी लावायची. घाईत लहान चीप खाली गेली, की सगळी रचना डगमगे. पाठीत चेंडूचा रट्टा खाणारा बाद होई, पण त्याच्यामुळेच भिडूला शेवटची चीप ठेवता येई. पाडायला एक नेम पुरतो, उभारायला कुणालातरी मार सोसावा लागतो, हे तिथे पाठीलाच कळत असे.

भांडणं रोज होत. रडीचा डाव खेळणाऱ्याला कुणी शिक्षा करत नसे, फक्त दुसऱ्या दिवशी गडी वाटताना त्याला सगळ्यांत शेवटी घेत. आणि कुणाचा धाकटा भाऊ मागे लागला, तर त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळवत. तो बाद होत नसे, पण खेळात असे. दुबळ्यासाठी नियम वाकवायचा आणि लबाडासाठी नाही, हा भेद आम्हाला कोणी शिकवला नव्हता.

आज मुलांच्या खेळाला वेळापत्रक आहे, प्रशिक्षक आहे, शिट्टी आहे. ती असू द्या. पण आठवड्यातून एखादी संध्याकाळ त्यांना मोकळी जागा द्या, चार भिडू जमू द्या, आणि भांडण झालं तरी मध्ये पडू नका. निवाडा त्यांचा त्यांनाच करू द्या.