आवाज आणि आळ

‘कोण म्हणालं?’ हा प्रश्न आपल्याला जितक्या चटकन सुचतो, तितक्या चटकन ‘काय म्हणालं?’ हा सुचत नाही. तक्रार समोरासमोर झाली तर निदान तोंड बघून अंदाज येतो; मग भांडण तरी होतं, नाहीतर चहा तरी होतो. पण शेजाऱ्याची तक्रार घरमालकाच्या तोंडून आली की तिला सरकारी शिक्का बसतो. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. त्यातले नऊ सरलेले. डिपॉझिट मालकाच्या खात्यात आणि मालक ठाण्याला. अशा वेळी सत्य काय आहे यापेक्षा ते कसं सांगावं याचीच काळजी जास्त वाटते.

आमच्या मालकांचा मोबाइलवर निरोप आला तो असा: ‘खालच्या काकांचं म्हणणं आहे की रोज पहाटे तुमच्याकडे काहीतरी जड आपटतं. त्यांची झोपमोड होते. कृपया काळजी घ्यावी.’ पुण्यातली चार मजली जुनी इमारत. आम्ही तिसऱ्यावर, काका दुसऱ्यावर. काका निवृत्त, सज्जन, आणि सकाळी जिन्यात भेटले की हसणारे. आमच्याकडे पहाटे आपटण्यासारखी एकच जड वस्तू, ती म्हणजे मी. आणि मी सहाच्या आत अंथरूण सोडत नाही.

सल्ले लगेच आले. सौ. म्हणाली, ‘सरळ लिहा, आमच्याकडे असलं काही होतच नाही. आम्ही सभ्य माणसं आहोत.’ मेहुण्यांना कायद्याचा नाद आहे. ते म्हणाले, ‘ध्वनिप्रदूषणाचे सन 2000 चे नियम टाका तोंडावर. निवासी भागात रात्री 45 डेसिबल.’ नियम काढून पाहिले तर त्यात रात्र म्हणजे दहा ते सहा. आवाज होतो पाच चाळीसला. म्हणजे कायद्याने ती रात्रच, आणि नियम काकांच्या बाजूचे! मेहुण्यांनी विषय बदलला.

सभ्यतेचा मुद्दाही उपयोगाचा नव्हता. आम्ही सभ्य आहोत की नाही हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते आवाजाबद्दल. वस्तुस्थिती विचारली असता चारित्र्याचा दाखला देणं हे आपलं जुनं व्यसन आहे, आणि त्यात आणखी एक मेख आहे: ‘आम्ही सभ्य’ म्हटलं की ‘मग असभ्य कोण?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. इथेच माझी गाडी अडली. आपण निर्दोष आहोत हे सांगताना दुसऱ्या कुणाला दोषी ठरवावंच लागतं का? ‘मी नाही’ याचा अर्थ ‘काका खोटं बोलतात’ असाच होतो का?

आपल्या नैयायिकांनी ज्ञान मिळवण्याच्या वाटा वेगवेगळ्या करून ठेवल्या आहेत. डोळ्या-कानांनी कळतं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तिथे आग असणार, हे अनुमान. आणि विश्वासाच्या माणसाने सांगितलं म्हणून मानलं, ते शब्द. मालकांचा निरोप या चाळणीतून काढला आणि मला एकदम हलकं वाटलं. ‘धप्प असा आवाज होतो, झोप मोडते’ हे काकांचं प्रत्यक्ष. त्यात खोटं काही नाही. ‘तो वरच्यांकडे होतो’ हे अनुमान. आणि मालकांकडे होता तो फक्त शब्द. म्हणजे काकांचं ऐकणं खरं आणि आमचं न आपटणंही खरं, दोन्ही एकाच इमारतीत सुखाने नांदू शकत होती. चूक असलीच तर त्या दोहोंच्या मधल्या एका पायरीत.

आता मधली पायरी तपासायची तर पहाटे उठणं आलं. आठ दिवस गजर लावून वही घेऊन बसलो. आवाज एकदाच होई, पाच चाळीसच्या आगेमागे, आणि तो छतापेक्षा न्हाणीघराच्या भिंतीत जास्त जाणवे. त्याच भिंतीमागच्या डक्टमधून खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर नेणारा उभा पाइप जातो. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पंपाची घरघर थांबते आणि लगेच, श्वास घेण्याच्या आत, धप्प होतं. पाचव्या दिवशी डक्टच्या खिडकीतून हात घालून पाइपावर तळवा ठेवला. पंप थांबला आणि कुणीतरी आतून टपली मारावी तसा पाइप हातात हादरला.

कारण साधं आहे. पंप चालू असताना पाणी वर ढकललं जातं. पंप थांबला की पाइपातलं चार मजल्यांचं पाणी माघारी फिरतं. ते परत टाकीत उतरू नये म्हणून पंपापाशी एक झडप असते. प्लंबर तिला एन.आर.व्ही. म्हणतात. झडप जुनी, सैल झालेली असली की पाणी उलटं फिरून वेग घेईपर्यंत ती उघडीच राहते आणि मग धाडकन मिटते. चालतं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का सबंध पाइपभर जातो. पाइप भिंतीला पट्ट्यांनी जखडलेला, भिंत स्लॅबला बांधलेली. त्यामुळे तळाशी बसलेला दणका चारही मजल्यांना वाटून मिळतो. असा आवाज सबंध भिंतीतूनच येत असल्यामुळे कानाला दिशा कळत नाही. कान गोंधळला की मन निकाल देतं, आणि मनाचा निकाल ठरलेला: वरचे!

तरी एवढ्यावर लिहायला मी तयार नव्हतो. धप्प नेहमी पंपानंतर होतं, पण नेहमी सूर्योदयाच्या आधीही होतं. तेवढ्याने सूर्यावर आळ घेता येत नाही. नैयायिक म्हणतात, नुसता अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही हवा. पंप थांबला तिथे धप्प, हे झालं. पण पंप थांबला नाही तिथे धप्प नाही, हेही दिसायला हवं. ती सोय देवानेच केली. शनिवारी पाणी उशिरा आलं, पंप अर्धा तास उशिरा सुरू झाला आणि धप्पही बरोबर अर्धा तास उशिरा, सहा दहाला. रविवारी पाणीच आलं नाही, आणि इमारत लहान मुलासारखी झोपली.

पुरावा हाती आला आणि खरी परीक्षा सुरू झाली, कारण पुराव्यासोबत एक मेवाही हाती लागला होता. चौकशीत कळलं की पहिल्या मजल्यावरच्या मंडळींनाही हा आवाज ऐकू येतो आणि त्यांना तो दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे खुद्द काकांकडून, येतो असं वाटतं! हे वाक्य पत्रात घालण्याचा मोह किती झाला म्हणून सांगू! खरं तर होतंच ते. पण ते आवाजाबद्दलचं सत्य नव्हतं, ते काकांना खजील करण्याचं साधन होतं. खरेपणा ही एक अट झाली. या सत्याने कुठला प्रश्न सुटतो, ही दुसरी. ते वाक्य गाळलं आणि पत्राचं काहीच अडलं नाही.

मग भाषेची साफसफाई. मराठीतला सगळ्यात भांडखोर शब्द कुठला म्हणाल, तर ‘च’. ‘आमच्याकडे आवाज होत नाही’ ही माहिती आहे. ‘आमच्याकडे आवाज होतच नाही’ हे भांडण आहे. ‘त्यांनाच ऐकू येतो’ म्हटलं तर फौजदारी. सगळे ‘च’ वेचून काढले. ‘उगीच’ गेला, ‘मुळात’ गेला, ‘काही लोक’ गेले. ‘आवाज’ या शब्दाभोवतीची अवतरणचिन्हं सौ.ने घातली होती, तीही काढली. कारण अवतरणात घातलेला आवाज म्हणजे न झालेला आवाज.

क्रियापदांचं कोडं मात्र अवघड. ‘वॉचमन पंप बंद करतो तेव्हा’ असं लिहिलं की बिचारा वॉचमन आरोपीच्या पिंजऱ्यात. ‘पंप बंद होतो तेव्हा’ असं लिहिलं की कोणीच नाही. मराठी या बाबतीत उदार आहे. कर्त्याला हळूच मागच्या दाराने जाऊ देते. पण ही लबाडी तर नव्हे? पुष्कळ विचार करून मी एक कसोटी ठरवली. कर्ता कळल्याने आवाज थांबणार असेल, तर त्याचं नाव लपवणं लबाडी. वॉचमन बदलला, खुद्द सेक्रेटरींनी बटण दाबलं, तरी धप्प होणारच. तेव्हा त्याचं नाव गाळण्यात खोटेपणा नाही. उलट पुढे झडप कोणी तपासायची, हे मात्र स्पष्ट लिहायला हवं. तिथे ‘व्हायला हवं’ म्हणून सोडून दिलं तर ते कधीच होत नाही.

आणखी एक. पत्र मालकांना असलं तरी ते काकांना पोचणार, हे धरून लिहावं. मालकांना न्यायाधीश व्हायचं नसतं. त्यांना ‘खरं काय?’ आणि ‘त्यांना काय सांगू?’ एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. शेवटी पत्र झालं ते असं:

‘स. न. वि. वि. काकांना पहाटे जो आवाज ऐकू येतो तो आम्हालाही ऐकू येतो. साधारण पाच चाळीसला, एकदा. आमच्या घरात त्या वेळी सगळे झोपलेले असतात. आठ दिवस वेळा टिपल्या, त्या सोबत पाठवत आहे. पंप थांबल्यावर लगेच आवाज होतो. शनिवारी पंप उशिरा चालला तेव्हा आवाजही उशिरा झाला, रविवारी दोन्ही नव्हतं. न्हाणीघरामागच्या पाइपावर हात ठेवल्यास धक्का जाणवतो. पंपाजवळची झडप सैल असावी असा माझा अंदाज आहे. खात्री प्लंबर पाहील तेव्हा. पंप सोसायटीचा असल्याने आपण मालक या नात्याने सेक्रेटरींना कळवावं, ही विनंती. तोवर काकांना हवं तेव्हा त्यांनी पहाटे आमच्याकडे यावं, मिळून ऐकू. त्यांनी सांगितलं म्हणून हे लक्षात आलं.’

‘असावी’ आणि ‘आहे’ यांतलं अंतर मी मुद्दाम राखलं. वेळा माझं प्रत्यक्ष, म्हणून ‘आहे’. झडप माझं अनुमान, म्हणून ‘असावी’. दुसऱ्याच्या अनुमानाला अनुमान म्हणायचं आणि स्वतःच्या अनुमानाला सत्य, हा न्याय नव्हे.

काका दोन दिवसांनी पहाटे आले, मफलर गुंडाळून. पाइपावर हात ठेवून उभे राहिले. धप्प झालं. ‘अरेच्चा,’ म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. कोणी कोणाची माफी मागितली नाही, कारण मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्लंबरने स्प्रिंगची झडप सुचवली आहे. ती पाणी उलटं फिरायच्या आत मिटते. खर्च सभेपुढे आहे, आणि सभा कधी होईल ते मी ‘आहे’त घालणार नाही, ‘असावी’तही नाही. तोवर धप्प चालूच आहे. फरक एवढाच, की आता ते कोणाचंच नाही, आणि गंमत म्हणजे काकांची झोपही त्याने पूर्वीसारखी मोडत नाही. झोप धक्क्याने जेवढी मोडते, त्याहून जास्त ‘कोण आपटतंय?’ या विचाराने मोडत असावी. ‘असावी’ म्हणतोय, हेही अनुमान.