माळकऱ्याचा नकार

साताऱ्याच्या, सांगलीच्या एमआयडीसीत गळ्यात तुळशीची माळ घातलेले कितीतरी जण भेटतात. माळकऱ्याला दारू-मटण वर्ज्य, एकादशीला उपवास. ढाब्यावरची पार्टी ठरली की तो घरी निघतो. दर वेळी ‘डोकं दुखतंय’ म्हटलं, तर सोबत्यांना वाटतं, याला आपणच नकोत. त्यापेक्षा पहिल्यांदाच सरळ सांगावं, “मी माळकरी आहे, पार्टीला येणार नाही. पण उद्या सकाळचा चहा माझ्याकडून.” तो चहा खरोखर पाजावा, रात्री काय गंमत झाली तेही आवडीनं विचारावं. थंडीत सगळ्यांना रानात हुरड्याला बोलवावं. गरम हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी. या पंगतीत कुणालाच अडचण नसते. तरीही बोलावणी बंद झाली, तर जवळच्या एकाला बाजूला घेऊन विचारावं.